चिकूची चिप 900 ने सुरू होते, मग ती बनावट का?

पुण्यातलं एक कुटुंब मुलाच्या नोकरीसाठी म्युनिकला निघालं होतं. घरात दोन कुत्री. ब्रूनो जर्मनीतच जन्मलेला, आधीच्या मुक्कामात तिथे पाळलेला आणि परत येताना सोबत आणलेला. चिकू पुण्याची, रस्त्यावरून उचललेली, माझ्याच दवाखान्यात लहानाची मोठी झालेली. दोघांनाही पंधरा आकडी मायक्रोचिप होती. प्रवासाचे कागद करणाऱ्या एजंटने दोघांचे नंबर तपासले आणि चिकूच्या नावापुढे लाल खूण केली. त्याचं म्हणणं असं: भारताचा कोड 356, चिकूचा नंबर 900 ने सुरू होतो, 900 नावाचा देश जगात नाही, सबब चिप बनावट. नवी बसवा.

चिकूची मालकीण फाईल घेऊनच आली. "अहो डॉक्टर, ब्रूनोची चिप खरी आणि चिकूची खोटी, असं कसं? दोन्ही तुम्हीच तपासल्यात ना?"

नवी चिप बसवायला दोन मिनिटं लागतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार आधी चिप आणि मगच रेबीजची लस, हा क्रम मोडता येत नाही. भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही, म्हणून लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. प्रतिपिंडं दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त असावी लागतात, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. चिकूचं हे सगळं झालं होतं. आता नवी चिप बसवून कागदांवर नवा नंबर टाकला असता, तर तिची लस चिपच्या आधीची ठरली असती आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. म्हणजे चार महिने गेले. कुटुंबाची तिकिटं पुढच्याच महिन्याची होती.

त्यामुळे सुईला हात लावण्याआधी तो नंबर नीट वाचणं भाग होतं.

पंधरा आकड्यांचा हा नंबर ISO 11784 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनतो. त्याचे दोन तुकडे पडतात: पहिले तीन आकडे आणि उरलेले बारा. पहिल्या तिनांत दोनपैकी एक गोष्ट असते, देशाचा कोड किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड. कुठली आहे ते ओळखायला यादी पाठ करावी लागत नाही. देशांचे तीन आकडी कोड ISO 3166 या मानकातून येतात. भारत 356, जर्मनी 276, फ्रान्स 250, ब्रिटन 826. या यादीतला सगळ्यात मोठा आकडा झांबियाचा, 894. 900 पासून 999 पर्यंतचे आकडे कुठल्याच देशाला दिलेले नाहीत, ते वापरणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले आहेत. प्राण्यांच्या चिपसाठी तीच मोकळी जागा कंपन्यांच्या वाट्याला आली. म्हणून पहिला आकडा 9 असेल तर कंपनीचा कोड, 9 पेक्षा लहान असेल तर देशाचा.

900 नावाचा देश नाही, हे एजंटचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

देशाचा कोड कधी वापरायचा, हे कुत्रं कुठे जन्मलं यावर ठरत नाही. या तीन आकड्यांचा खरा अर्थ एवढाच की हा नंबर जगात दुसऱ्या कुठल्या प्राण्याला जाणार नाही याची हमी कोणी घेतली आहे. एखाद्या देशाच्या सरकारी यंत्रणेने नंबरवाटप हाती घेतलं आणि एक नंबर दोनदा जाणार नाही याची जबाबदारी स्वीकारली, तर चिपवर त्या देशाचा कोड घालता येतो. फ्रान्समध्ये हे फार नीटनेटकं दिसतं. तिथल्या कुत्र्या-मांजरांचे नंबर 250 26 ने सुरू होतात. 250 म्हणजे फ्रान्स, 26 म्हणजे पाळीव प्राणी, पुढचे दोन आकडे कंपनीचे आणि शेवटचे आठ त्या प्राण्याचे. जिथे देशाची अशी यंत्रणा नंबर वाटत नाही, तिथे हमी कंपनी देते आणि कंपनीला कोड देते आंतरराष्ट्रीय पशु नोंद समिती. हिचं इंग्रजी लघुरूप ICAR. आपल्याकडे तीच अक्षरं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचीही आहेत, आणि इंटरनेटवर शोधताना लोक हमखास दिल्लीच्या संकेतस्थळावर जाऊन पोचतात. चिपशी दिल्लीच्या परिषदेचा संबंध नाही.

पुण्यात मी जी कुत्री-मांजरं तपासतो त्यांच्या चिप बहुतेक 9 ने सुरू होतात. हेच नेहमीचं आहे. युरोपीय संघाच्या नियमातही चिप निघण्याच्या देशाच्या कोडची असावी असं कुठेही म्हटलेलं नाही. चिप ISO 11784 प्रमाणे असावी आणि ISO 11785 ला चालणाऱ्या स्कॅनरने वाचता यावी, एवढीच अट आहे.

मालकीणबाईंना हे पटलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग 900 म्हणजे कोणती कंपनी?"

इथे 900 ची गंमत वेगळी आहे. 981 म्हटलं की डेटामार्स, 982 म्हटलं की ऑलफ्लेक्स, 985 म्हटलं की डेस्ट्रॉन फिअरिंग. हे कोड एकेका कंपनीच्या मालकीचे. 900 मात्र सामायिक आहे. स्वतंत्र कोड नसलेल्या अनेक कंपन्या तोच वापरतात आणि त्यांना आपापसांत वेगळं ओळखायला पुढचे आकडे वाचावे लागतात. म्हणजे 900 दिसलं तर तिथेच थांबायचं नाही, पहिले सहा आकडे एकत्र घ्यायचे आणि ते समितीच्या यादीशी ताडून पाहायचे. 901 ते 998 मध्ये तीन आकड्यांवर काम भागतं. 999 हा कोड चाचणीसाठी राखून ठेवलेला आहे. तो नंबर एकमेव असल्याची हमी कोणीच देत नाही, त्यामुळे तो खऱ्या प्राण्याच्या मानेत असताच कामा नये. एजंटने लाल खूण 999 पुढे केली असती, तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

मी चिकूची फाईल उघडली, पहिले सहा आकडे यादीत शोधायला म्हणून. एजंटने नंबर घेतला होता तो लसीकरणाच्या पुस्तकातून, हाताने लिहिलेल्या ओळीवरून. तो असा होता (शेवटचे आकडे मी झाकले आहेत):

```
900 80* *** *** ***
```

हा नंबर पाहून मी थांबलो. 900 ला माझी हरकत नव्हती. माझी नजर अडली ती चौथ्या आकड्यावर, 8 वर.

याचं कारण चिपच्या पोटात आहे. चिप तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब काचेची कुपी असते. आत बॅटरी नसते, स्कॅनरच्या लहरींवरच ती जागी होते आणि ६४ बिटांचा एक ओळख-कोड पाठवते. त्यातले १० बिट देश किंवा कंपनीच्या कोडसाठी आणि ३८ बिट प्राण्याच्या नंबरासाठी आहेत. ३८ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा 274877906943 आहे, म्हणजे सुमारे २७ हजार ४८८ कोटी. बारा आकड्यांच्या जागेत कागदावर आपण 999999999999 पर्यंत काहीही लिहू शकतो, पण चिपमध्ये 274877906943 च्या पुढे जागाच नाही. म्हणून मानकाप्रमाणे बनलेल्या कुठल्याही चिपच्या नंबरात चौथा आकडा 0, 1 किंवा 2 हाच असू शकतो. फ्रान्सचे 250 26 याच मर्यादेत बसतात, ब्रूनोचे 276 09 सुद्धा. 3 किंवा त्याहून मोठा चौथा आकडा दिसला तर तो नंबर कुठल्याही चिपमधून आलेला नाही, कुणीतरी तो चुकीचा उतरवला आहे.

म्हणजे एजंटच्या कागदावरचा नंबर खरोखरच अशक्य होता. त्याने दाखवलेलं कारण वेगळं होतं एवढंच.

चिकूला टेबलावर घेतलं. स्कॅनर आधी रिकाम्या हवेत चालू करून पाहिला, मग खांद्यांच्या मधोमध धरून हळूहळू सरकवला. आपल्याकडे चिप तिथे बसवतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी मानेच्या डाव्या बाजूला बसवतात आणि काळानुसार ती थोडी सरकतेही, म्हणून ब्रूनोसारख्या कुत्र्याला मी मानेपासून पुढच्या पायाच्या वरपर्यंत फिरवून पाहतो. चिकूची चिप मात्र जागेवरच होती. तीनदा वाचली, तिन्ही वेळा एकच नंबर आला:

```
900 08* *** *** ***
```

चौथा आणि पाचवा आकडा पुस्तकात उलटे पडले होते. 08 चे 80. पुढचे सगळे आकडे जुळत होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिपच्या पाकिटातलं बारकोडचं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यावर स्कॅनरशी तंतोतंत जुळणारा नंबर छापलेला होता. पहिल्या पानावर तो हाताने उतरवताना घोटाळा झाला आणि पुढे प्रत्येक लसीच्या नोंदीपुढे तोच घोटाळा पुढे चालत आला.

आता सगळा प्रश्न एका कागदावर येऊन ठेपला: रक्ततपासणीच्या अहवालावर कुठला नंबर आहे? पुस्तकातली चूक दुरुस्त करता येते, कारण लस टोचणारा डॉक्टर इथेच असतो. परदेशी प्रयोगशाळेच्या अहवालावर चुकीचा नंबर छापला गेला असेल तर ते प्रकरण फार लांबतं, कारण तपासलेलं रक्त याच कुत्र्याचं होतं हे सिद्ध करावं लागतं. मी अहवाल आणि नमुन्यासोबत गेलेल्या फॉर्मची प्रत काढून पाहिली. फॉर्म भरताना स्टिकर समोर ठेवलं होतं. अहवालावर 08 होतं. मालकीणबाईंनी तो आकडा स्वतः बोट ठेवून वाचला आणि मग खुर्चीत बसल्या.

त्यानंतरचं काम सरळ होतं. पुस्तकातल्या चुकीच्या नंबरावर एक रेघ ओढली, खाली बरोबर नंबर लिहिला, शेजारी सही, तारीख, शिक्का आणि नोंदणी क्रमांक टाकला. व्हाईटनर अजिबात वापरायचा नाही. खाडाखोड झाकलेली दिसली की तपासणारा अधिकारी पुस्तकच बाजूला ठेवतो. सोबत माझ्या पत्रावर एक लहान प्रमाणपत्र दिलं: अमुक तारखेला स्कॅन केलं, हा नंबर मिळाला, चिप लसीच्या आधी बसवलेली आहे, पुस्तकातली नोंद उतरवताना चुकली होती. मुंबईच्या प्राणी संगरोध केंद्रात निर्यातीच्या दाखल्यासाठी गेले तेव्हा तिथेही दोन्ही कुत्री स्कॅन झाली आणि दाखल्यावर स्कॅनरचा नंबर चढला.

एजंटला मी फोन केला. त्याला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. तो नंबर काळजीने पाहत होता. फक्त त्याच्या तक्त्यात 'चिपचा देश' असा रकाना होता आणि त्या रकान्यानेच त्याची दिशा चुकवली. तो रकाना काढून 'कोड कोणाचा, देशाचा की कंपनीचा' असा करायला मी सुचवलं. त्याच्या एक्सेलच्या तक्त्यात आणखी एक अडचण होती. नंबराचा रकाना साध्या आकड्यांचा ठेवला की पंधरा आकडे 9.00E+14 असे दिसू लागतात, आणि कोड शून्याने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाचा 036 किंवा ऑस्ट्रियाचा 040, तर सुरुवातीचं शून्य गळून चौदाच आकडे उरतात. मग ती चिप जुन्या पद्धतीची किंवा अपुरी आहे असं वाटायला लागतं. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा, म्हणजे शून्य जागेवर राहतं.

पहिले तीन आकडे बरोबर असले म्हणजे चिप अस्सल, असंही मला म्हणायचं नाही. पुन्हा लिहिता येतील अशा चिप बाजारात मिळतात आणि त्यांत कुणीही हवा तो आकडा भरू शकतो, 356 सुद्धा, 985 सुद्धा. ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या पाकिटातली चिप असेल तर कोड यादीत सापडणं पुरेसं नाही. त्या कंपनीची नेमकी तीच चिप समितीकडे नोंदलेली आहे का, पाकिटावर कंपनीचं नाव आहे का, आणि त्या कंपनीचा कोड चिपवर आहे का, हेही जुळवून पाहावं लागतं. कुणी भारतातली 356 ची चिप अभिमानाने दाखवली, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो की हा नंबर वाटला कोणी. त्याचं उत्तर मिळत नसेल, तर मला त्या 356 पेक्षा चिकूचं 900 जास्त भरवशाचं वाटतं.

ब्रूनोचंही एक प्रकरण यातून बाहेर आलं. त्याचा नंबर 276 ने सुरू होतो म्हणून घरातल्या सगळ्यांची समजूत होती की जर्मन सरकारच्या दप्तरात तो आहेच, हरवला तर लगेच सापडेल. पण चिपमध्ये मालकाचं नाव नसतं, पत्ता नसतो, फोन नसतो. फक्त नंबर असतो, आणि तो कोणाच्या नावावर आहे हे नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेला माहीत असतं. जर्मनीत टासो किंवा फिंडेफिक्स अशा संस्थांकडे मालकाने स्वतः नोंद करावी लागते. 276 आहे म्हणून ती आपोआप होत नाही. कंपनीच्या कोडचंही तसंच. कुठल्या कंपनीने चिप बनवली हे 981 किंवा 985 वरून कळतं, पण मालकाने नोंद कुठे केली हे त्यावरून कळतंच असं नाही.

अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत हे फार कठोरपणे दिसलं. चिपची नोंद ठेवणारी तिथली एक कंपनी अचानक बंद पडली. तिच्या चिप 991 किंवा 900164 ने सुरू होत होत्या. त्या आकड्यांच्या चिप कुत्र्या-मांजरांच्या मानेत तशाच चालू राहिल्या, स्कॅनरवर नंबर येत राहिला, पण त्या नंबरामागचा मालकाचा फोन मिळायची सोय गेली. लोकांना पहिले आकडे पाहून आपली चिप त्यांतली आहे का ते ओळखावं लागलं आणि दुसऱ्या संस्थेकडे नव्याने नोंद करावी लागली. इथे पुन्हा तोच भेद कामाला आला: 991 साठी तीन आकडे पुरले, 900 साठी सहाही पाहावे लागले, कारण 900 ने सुरू होणाऱ्या बाकीच्या चिपचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता.

तिकडे नातेवाईक असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. अमेरिकेतून कुत्रं घेऊन पुण्या-मुंबईला परतणारी मराठी कुटुंबं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या चिपची नोंद अजून तिकडच्या जुन्या पत्त्यावर, बंद झालेल्या फोनवर असते.

चिकू आणि ब्रूनो ठरलेल्या तारखेलाच निघाले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर दोघांना स्कॅन केलं, नंबर दाखल्याशी ताडले आणि सोडलं. 900 बद्दल तिथे कुणी काही विचारलं नाही. आठवड्याने मालकीणबाईंचा फोन आला. ब्रूनोची टासोकडे नोंद होती, पण आधीच्या मुक्कामातल्या शहराची, तिथल्या बंद झालेल्या लँडलाइन नंबरासकट. त्यांनी ती बदलून घेतली आणि त्याच बैठकीत चिकूचा नंबरही भरला. फॉर्मवर आकडे टाकताना पुस्तक बंद ठेवलं होतं, स्टिकर समोर होतं.